‘फिनॅकल येतं’? कोणत्या आयडीवर चालवलंत?

बँकेच्या इंटरव्ह्यूला गेलेल्या उमेदवाराच्या रेझ्युमेवर दोन ओळी हमखास असतात. पहिली, ‘उत्तम संवादकौशल्य आणि ग्राहकांना हाताळण्याची क्षमता’. दुसरी, ‘कोअर बँकिंग, फिनॅकल यांचे ज्ञान’. पॅनेलमधले अधिकारी वीस-पंचवीस वर्षं ब्रँचमध्ये काढून आलेले असतात. दुसरी ओळ वाचून ते शांतपणे विचारतात, “अरे वा! कोणत्या ब्रँचमध्ये चालवलंत? आणि कोणाच्या आयडीवर?” इथे बहुतेकांची बोलती बंद होते. कारण फिनॅकलसारखं सॉफ्टवेअर बँकेचा कर्मचारी सोडून कुणाला मिळतच नाही. तुम्ही ते खरंच चालवलं असेल तर कुणीतरी आपला पासवर्ड तुम्हाला दिला होता, आणि चालवलं नसेल तर तुम्ही थाप मारली आहे. दोन्हीकडून पंचाईत!

मग नुकत्याच बी.कॉम., बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्या मुलाने किंवा मुलीने लिहायचं तरी काय? ग्राहक कधी हाताळले नाहीत, बँकेचं सॉफ्टवेअर कधी पाहिलं नाही. खरं तर बऱ्याच जणांकडे दोन्हीचा थोडाफार अनुभव असतो. फक्त तो बँकेच्या कामाशी कसा जोडायचा, हे माहीत नसतं.

आधी हे पाहा : रेझ्युमे लागतो कुठे?

आयबीपीएसमार्फत होणाऱ्या क्लार्क भरतीत मुलाखत नसते. प्रिलिम, मेन्स आणि स्थानिक भाषेची चाचणी, एवढ्यावर निवड होते. स्टेट बँकेच्या ज्युनियर असोसिएट पदाचंही तसंच. त्यामुळे तिथे रेझ्युमे सजवत बसण्यापेक्षा ऑनलाइन अर्ज बिनचूक भरणं महत्त्वाचं. पण या पदांच्या नावाकडे जरा लक्ष द्या. आयबीपीएसने 2025च्या भरतीपासून क्लार्कला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणायला सुरुवात केली. स्टेट बँकेच्या पदापुढे तर कंसात ‘कस्टमर सपोर्ट अँड सेल्स’ असं लिहिलेलं असतं. काम काय आहे, हे पदाच्या नावातच सांगितलं आहे.

प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे पीओच्या भरतीत मेन्सनंतर मुलाखत असते. आयबीपीएसच्या पद्धतीत अंतिम गुणवत्ता यादीत मेन्सला 80 टक्के आणि मुलाखतीला 20 टक्के वजन मिळतं. इथे तुमच्या शिक्षणाची, अनुभवाची आणि आवडीनिवडींची माहिती पॅनेलसमोर असते आणि प्रश्न तिथूनच निघतात.

रेझ्युमे खऱ्या अर्थाने कामाला येतो तो खासगी बँका, स्मॉल फायनान्स बँका, नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांमध्ये. तिथे अनेकदा अर्जासोबत रेझ्युमे मागतात, आणि मुलाखत घेणारा माणूस बहुधा तो पहिल्यांदाच तुमच्यासमोर वाचत असतो. एका पानावर त्याची नजर जेवढा वेळ फिरेल, तेवढ्यात त्याला विचारावंसं वाटेल असं काही तिथे असायला हवं.

एक उदाहरण घेऊ

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी आहे. बी.कॉम. झाली, एमएस-सीआयटी झालं. कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांत ती रोज संध्याकाळी तीन तास गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात मदतीला जायची. हे केंद्र म्हणजे बँकेने नेमलेल्या बँक मित्राचं छोटं दुकान. आधार कार्ड आणि अंगठ्यावर पैसे काढणं-भरणं, शिल्लक सांगणं, खात्यांचे फॉर्म, असं सगळं तिथे चालतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ती खजिनदार होती. हे उदाहरण आपण रचलेलं आहे, पण अशी मुलं-मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. कुणी बँक मित्राकडे, कुणी मेडिकलच्या काउंटरवर, कुणी वडिलांच्या किराणा दुकानात, तर कुणी पतसंस्थेच्या पिग्मी एजंटाचा हिशेब लिहायला.

तिच्या पहिल्या रेझ्युमेत अनुभवाच्या रकान्यात दोन ओळी होत्या :

*ग्राहक सेवा केंद्रात कामाचा दोन वर्षांचा अनुभव. ग्राहक हाताळणी, मनमिळाऊ स्वभाव, संघभावना.*

यात खोटं काहीच नाही, पण विचारण्यासारखंही काही नाही. ‘मनमिळाऊ’वर अधिकारी काय प्रश्न विचारणार?

आता तिच्या कामाच्या आत शिरू. केंद्रावर येणारे लोक कोण? निराधार योजनेचे पैसे काढायला येणाऱ्या आजी, शेतमजूर, बचत गटाच्या बायका. अडचणी कोणत्या? पहिली अडचण, अंगठा लागत नाही. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे मशीन ओळखतच नाही. मग बोट पुसून घ्यायचं, दुसरं बोट लावून पाहायचं, आणि तरीही नाही जमलं तर पासबुक घेऊन शाखेत जायला सांगायचं. दुसरी अडचण जास्त गंभीर. खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज येतो, पण मशीन ‘व्यवहार अयशस्वी’ दाखवतं आणि हातात पैसे मिळत नाहीत.

अशाच एका संध्याकाळी एक आजी 1,500 रुपये काढायला आल्या. मशीनवर व्यवहार फेल झाला आणि नातवाच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज आला. आजी रडकुंडीला आल्या, “पोरी, माझं पैसं गेलं की गं!” मागे रांगेतले लोक म्हणाले, “परत अंगठा लाव, येतील पैसे.” मुलीने ते करू दिलं नाही. पुन्हा अंगठा लावला असता तर आणखी 1,500 कापले जाण्याची भीती होती. तिने आधी केंद्रचालकाला शिल्लक आणि मिनी स्टेटमेंट पाहायला सांगितलं. पैसे खरंच वजा झाले होते. मग फेल व्यवहाराची स्लिप छापून घेतली. त्यावर आरआरएन नावाचा 12 आकडी क्रमांक असतो, व्यवहाराचा माग त्यावरूनच काढतात. स्लिपच्या मागे तिने तारीख, वेळ आणि रक्कम लिहिली, आजींच्या नावाने तक्रारीचा अर्ज लिहून दिला आणि सांगितलं, “आजी, हे पैसे पाच दिवसांच्या आत खात्यात परत यायला हवेत. नाही आले तर हा कागद घेऊन शाखेत जा.”

‘पाच दिवस’ हा आकडा तिने मनाने सांगितलेला नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019च्या परिपत्रकानुसार, मायक्रो एटीएमवर पैसे वजा झाले पण रोख मिळाली नाही, तर व्यवहाराच्या तारखेनंतर पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हावी लागते. त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

आता हीच गोष्ट रेझ्युमेत कशी येईल?

*ग्राहक सेवा केंद्र, सहाय्यक (जून 2023 ते मे 2025, रोज 3 तास). रोज साधारण 30 ग्राहक. बहुतांश ज्येष्ठ नागरिक व शेतमजूर. आधार-आधारित व्यवहार फेल झाल्यास मिनी स्टेटमेंटची खात्री, स्लिप जतन करणे, तक्रार अर्ज लिहून देणे व पाठपुरावा. दैनंदिन रोख जुळवणी एक्सेलमध्ये.*

फरक बघा. आता अधिकाऱ्याला निदान चार प्रश्न सुचतील आणि चारही प्रश्नांची उत्तरं तिच्याजवळ आहेत. फेल व्यवहारात पहिलं काय करता? पैसे किती दिवसांत येतात? आजी भांडायला लागल्या असत्या तर? तीस ग्राहक, हे कशावरून म्हणता?

आकडा लिहा, पण पेलवेल तोच

शेवटचा प्रश्न गमतीत घेऊ नका. रेझ्युमेत आकडा हवा, असं सगळे सांगतात. म्हणून काही जण ‘रोज 100 ग्राहक’ ठोकून देतात. तीन तास म्हणजे 180 मिनिटं. शंभर ग्राहक म्हणजे माणशी दोन मिनिटंही नाहीत. त्यात आधार नंबर टाकणं, अंगठा, पैसे मोजणं, स्लिप आणि नोंद. काउंटरवर बसलेला कुठलाही माणूस हा हिशेब मनातल्या मनात करतो आणि म्हणतो, “जमत नाही हो!” तीस ग्राहक म्हणजे माणशी सहा मिनिटं, हे पटतं. आणि केंद्राच्या नोंदवहीत आठवडाभराच्या नोंदी मोजून हा आकडा काढला, असं सांगता आलं तर प्रश्नच मिटला.

दुसरी काळजी ‘सहाय्यक’ या शब्दाची. केंद्राचा परवाना आणि लॉगिन केंद्रचालकाच्या नावावर असतं. मुलीने फॉर्म भरले, लोकांना समजावलं, रोख मोजली, नोंदी केल्या. व्यवहार चालकाने केले. असं असताना ‘बँक मित्र म्हणून काम केले’ असं लिहिलं तर दुसऱ्याच प्रश्नाने गोची होईल, कारण दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करणं ही बँकेत कौतुकाची नाही, चौकशीची बाब आहे. पद कमी वाटलं तरी चालेल, पण ते खरं असू द्या.

तिसरी गोष्ट, उदाहरण सांगताना ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक, शिल्लक यातलं काहीही बोलू नका. ‘आमच्या गावच्या अमुक आजी’ असं नाव घेऊन सांगितलं, तर समोरच्याच्या मनात येतं, उद्या हा आमच्याही ग्राहकांची माहिती चहाच्या टपरीवर सांगेल.

मेडिकल किंवा किराणा दुकानात काम केलेल्यांनाही हेच लागू. ‘दुकानात मदत’ यापेक्षा, गर्दीच्या वेळी यूपीआयचे पैसे आले की नाही हे ग्राहकाच्या स्क्रीनवर विश्वास न ठेवता दुकानाच्या ॲपमध्ये तपासलं, उधारीची वही महिन्याला जुळवली, सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी कशी मिटवली, हे लिहिण्याजोगं आहे. हीच कामं थोड्या वेगळ्या रूपात बँकेच्या काउंटरवर असतात.

आता सॉफ्टवेअर : काय माहीत हवं, काय लिहावं

कोअर बँकिंग म्हणजे बँकेच्या सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती यंत्रणेत. म्हणून तर साताऱ्याचं खातं नागपुरात चालतं. ही यंत्रणा चालवणारी सॉफ्टवेअर्स वेगवेगळी आहेत. इन्फोसिसचं फिनॅकल अनेक सरकारी बँकांत आहे, स्टेट बँकेत टीसीएसचं बॅंक्स आहे, तर ओरॅकलचं फ्लेक्सक्यूब काही खासगी बँकांत. सहकारी बँका आणि पतसंस्थांमध्ये आणखी वेगळी. रुजू झाल्यावर बँक स्वतःच ट्रेनिंग देते. त्यामुळे कोणती स्क्रीन कशी उघडते, हे तुम्हाला यावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. अपेक्षा असते ती त्यामागचा विचार समजण्याची. त्यातल्या दोन गोष्टी नीट समजल्या तरी मुलाखतीपुरतं बरंच होतं.

पहिली गोष्ट, ग्राहक वेगळा आणि खातं वेगळं. यंत्रणेत प्रत्येक माणसाला एक कस्टमर आयडी असतो. त्याखाली त्याचं बचत खातं, मुदत ठेव, कर्ज असं सगळं लटकलेलं असतं. केवायसी, पत्ता, मोबाइल नंबर हे माणसाशी जोडलेले असतात. म्हणून एकाच माणसाचे चुकून दोन आयडी झाले तर घोळ होतो. मोबाइल नंबर एकीकडे बदलतो, दुसरीकडे जुनाच राहतो. फॉर्म भरताना ‘आधीपासून या बँकेत खातं आहे का?’ असं विचारतात, ते यासाठीच. आपल्या मुलीने दोन वर्षं असेच फॉर्म भरले आहेत. तेव्हा हा प्रश्न का विचारायचा, हे तिला सांगता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, मेकर आणि चेकर. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची. साधारणपणे क्लार्क नोंद करतो आणि ठरावीक रकमेपुढे गेलं की अधिकाऱ्याची मंजुरी लागते. एकाच माणसाला दोन्ही करता येऊ नये, अशीच यंत्रणेची रचना असते. चूकही पकडली जाते आणि लबाडीही. संध्याकाळी दिवस बंद करताना कुणाची नोंद मंजुरीविना लोंबकळत राहिली तर ती आधी निस्तरावी लागते. पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही, यामागचं कारणही हेच. तुमच्या पासवर्डने दुसऱ्याने मंजुरी दिली, तर मेकर आणि चेकर एकच झाला. मग या सगळ्या व्यवस्थेला अर्थच उरत नाही.

रेझ्युमेत हे लिहिताना सॉफ्टवेअरचा एकच ढीग करू नका. तीन प्रामाणिक पायऱ्या करा : स्वतः वापरतो, कामाच्या ठिकाणी जवळून पाहिलं आहे, आणि अभ्यासातून माहीत आहे. आपल्या मुलीच्या बाबतीत ते असं दिसेल :

*स्वतः वापरते : एक्सेल (रोख जुळवणी, बेरजा, फिल्टर), टॅली (व्हाउचर नोंदी, कॉलेज अभ्यासक्रमात), मराठी युनिकोड टायपिंग.*
*जवळून पाहिले : आधार-आधारित व्यवहारांचे मायक्रो एटीएम.*
*अभ्यासातून : कोअर बँकिंगची मूलतत्त्वे — कस्टमर आयडी, मेकर-चेकर, दिवसअखेर.*

शेवटच्या ओळीत ‘फिनॅकल’ नाही, हे लक्षात आलं का? आणि तरीही पॅनेलला कळतं, की हिला सॉफ्टवेअरच्या नावापलीकडचं काहीतरी माहीत आहे. मराठी टायपिंगची ओळही उगीच नाही. सहकारी बँकेत आणि ग्रामीण शाखेत नोटिसा, पत्रं, सभेचे कागद मराठीतच लागतात. बऱ्याच शाखांत हे काम येणारं माणूस हुडकावं लागतं.

एक्सेल येतं म्हणजे काय?

‘एमएस ऑफिस’ सगळेच लिहितात. त्यापेक्षा एक्सेलमध्ये तुम्ही केलेलं एक काम सांगा. आपली मुलगी रोज केंद्राची रोख जुळवायची. हिशेब साधा : सकाळची रोख, अधिक आलेली, वजा दिलेली, म्हणजे संध्याकाळी गल्ल्यात असायला हवी ती रोख. एका दिवशी सकाळी 20,000 होते, लोकांनी 41,000 भरले, 34,500 काढले. म्हणजे गल्ल्यात 26,500 हवेत.

मग खरोखर किती आहेत, ते नोटांवरून. पहिल्या रकान्यात नोट, दुसऱ्यात संख्या, तिसऱ्यात गुणाकार. पाचशेच्या 45, दोनशेच्या 12, शंभरच्या 13, पन्नासच्या 4, वीसच्या 3 आणि दहाच्या 4 नोटा. सूत्रं फक्त दोन, पहिलं सहा ओळींत खाली ओढायचं आणि दुसरं बेरजेचं :

```
=A2*B2
=SUM(C2:C7)
```

बेरीज आली 26,500. जुळलं! पण रोजच जुळतं असं नाही, आणि पॅनेलला उत्सुकता असते ती न जुळलेल्या दिवसाची. “समजा फरक आला, तर काय कराल?” यावर ‘मी माझ्या खिशातून भरून टाकेन’ हे उत्तर ऐकायला उदार वाटतं, पण बँकेत ते चुकीचं आहे. गुपचूप भरलेला फरक म्हणजे लपवलेली चूक. दुसऱ्या दिवशी ज्याचे पैसे जास्त गेले किंवा कमी मिळाले तो ग्राहक आला, तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

बरोबर उत्तर पायऱ्यांनी येतं. आधी नोटा पुन्हा मोजायच्या, शक्यतो दुसऱ्या माणसाने. मग प्रत्येक स्लिप नोंदवहीशी ताडायची. फरकाचा आकडाही काहीतरी सांगतो. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते. उदाहरणार्थ, 5,400 च्या जागी 4,500 लिहिले, तर फरक 900 येतो. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या व्यवहाराशी जुळत असेल, तर जमा नावे लिहिली गेली असू शकते किंवा नावे जमा. एवढं करूनही नाही सापडलं, तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांगायचं आणि लिहून ठेवायचं. जिने दोन वर्षं रोज गल्ला जुळवला आहे, ती हे पाठ न करता सांगते. नुसतं वाचून आलेला पहिल्या पायरीलाच अडखळतो.

क्लार्कसाठी एक, पीओसाठी दुसरा

दोन्ही पदांना एकच रेझ्युमे पाठवणारे खूप. अनुभव तोच असला तरी मांडणी बदलायला हवी, आणि त्यासाठी मघाचंच मेकर-चेकर कामाला येतं. क्लार्क बहुतेक वेळा मेकर असतो. त्याच्याकडून अपेक्षा अचूक नोंदीची, काउंटरवरच्या वेगाची आणि लोकांशी नीट बोलण्याची. म्हणून क्लार्कच्या रेझ्युमेत केंद्रावरचं काम सगळ्यात वर.

पीओ मात्र शाखेत गेल्यावर चेकर होणार. दुसऱ्याने केलेलं काम तपासून त्याखाली तो आपली जबाबदारी घेणार. म्हणून पीओच्या रेझ्युमेत असं एक तरी काम दिसावं, ज्यात तुम्ही दुसऱ्याचा हिशेब तपासला किंवा ‘नाही’ म्हणालात. आपली मुलगी स्नेहसंमेलनाची खजिनदार होती. पहिल्या रेझ्युमेत हे ‘अभ्यासेतर उपक्रम’ या रकान्यात सगळ्यात खाली पडून होतं. पीओसाठी ते असं वर येईल :

*स्नेहसंमेलन समिती, खजिनदार (2024-25). पाच विभागांची खर्चाची बिले तपासून रक्कम अदा. बिलाशिवाय रक्कम न देण्याचा नियम. अंतिम हिशेब प्राध्यापक समितीस सादर.*

यावर प्रश्न येणारच, “मित्र बिल न देता पैसे मागायला आला, तेव्हा काय केलंत?” पीओला पुढे नोकरीत रोज तोंड द्यावा लागणारा हा प्रश्न आहे. नेहमीचा, ओळखीचा, चांगला ग्राहक घाईत आहे, कागद अपुरे आहेत आणि म्हणतोय, “साहेब, उद्या आणून देतो की!” मित्राला न दुखावता, पण पैसे न देता तुम्ही कसं निभावलं, हे सांगता आलं तर ग्राहक हाताळता येतात याचा याहून चांगला पुरावा नाही. बँकेत ग्राहक हाताळणं म्हणजे नुसतं गोड बोलणं नव्हे. ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि समोरच्याला पुढची वाट दाखवून म्हणावं लागतं. आज काय करता येईल, कोणता कागद आणायचा, आणि बँकेच्या उत्तराने समाधान झालं नाही तर कुठे दाद मागायची. लेखी तक्रार आधी बँकेकडे, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, एवढं तर दोन्ही पदांच्या उमेदवाराला माहीत हवंच.

फॉर्म एक म्हणतो, रेझ्युमे दुसरं

शेवटी एक कंटाळवाणं, पण महत्त्वाचं काम. रेझ्युमे आणि ऑनलाइन अर्ज शेजारी ठेवून एकदा ताडून पाहा. नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आहे ना? टक्के तेच आहेत ना? आयबीपीएसच्या अर्जात टक्के दोन दशांशांपर्यंत भरायचे असतात आणि सीजीपीए असेल तर त्याचे टक्के करून. तिथे 59.99 म्हणजे 60 नव्हे. रेझ्युमेत मात्र आपण सवयीने 60 लिहितो. कामाच्या तारखांचंही तसंच. अर्जात ‘अनुभव नाही’ आणि रेझ्युमेत दोन वर्षं, असं दिसलं तर खुलासा विचारला जाईल. पगार किंवा अनुभवपत्र मिळालेलं नसेल तर ‘अर्धवेळ, अनौपचारिक’ असं सरळ लिहा. आणि जे काम केलं त्याबद्दल केंद्रचालकाकडून साध्या कागदावर सही-तारखेनिशी दोन ओळी घेऊन ठेवा.

रेझ्युमे तयार झाला की तो एखाद्या मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या हातात द्या. प्रत्येक ओळीवर त्याने तीनच प्रश्न विचारायचे : हे कुठे केलंस? नेमकं कसं केलंस? आणि चुकलं असतं तर काय केलं असतंस? ज्या ओळीवर तिन्ही उत्तरं येतील ती ठेवा. एक अडलं तर ओळ दुरुस्त करा. तिन्ही अडली तर ती ओळ खोडा, मग ती ‘फिनॅकल’ची असली तरी!